अडुसष्ट मुठी

त्या रविवारी आई उंबऱ्यात बसून खेळत होती. जेवणं झाली होती, ओट्यावर धान वाळत घातलं होतं. आईच्या एका हातात कोंबड्या हाकलायची काडी होती आणि दुसऱ्या हातात मोबाइल. खेळाचा आवाज ती नेहमी बंदच ठेवायची. आवाज चालू असला की माणूस जास्त वेळ बसतं, असं तिचं म्हणणं.

बाबा आतून म्हणाले, "प्रेरणाची माय, झाला का तुझा सट्टा?"

"सट्टा नोहे. हिसाब हाये."

"हिसाब म्हणे! भिशीत त्रेचाळीस हजार बुडवणारी बाई मले हिसाब सांगून राहिली."

आई हसली. चार वर्षं ती या वाक्यावर अशीच हसत होती. मी मान खाली घालून कपबशा गोळा केल्या.

मग ती उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. त्या तारखेच्या चौकोनात एका कोपऱ्यात दुधाची खूण होती. दुसऱ्या कोपऱ्यात तिनं अडुसष्ट लिहिलं आणि आकड्याभोवती गोल केला.

"अडुसष्ट मुठी," ती मला म्हणाली. "वाईटात वाईट बावीस उरल्या. नावाडीण आली तर आली."

नावाडीण म्हणजे त्या खेळातली एक म्हातारी. पिकलेले केस, होडीच्या टोकाला कंदील. खेळात अशी पुष्कळ पात्रं होती. दर तीन आठवड्यांनी एकाचा मेळा लागायचा, आणि मेळा चालू असेपर्यंत खडे, म्हणजे खेळातलं चलन, खर्चून ते पात्र सोडतीसारखं ओढायचा प्रयत्न करता यायचा. ओढण्याला आई मूठ म्हणायची, कारण बाबा आमगावच्या एका राईस मिलच्या फाटकावर धानाचे नमुने काढायचे. पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसायची, मूठभर दाणे हातावर घ्यायचे, चोळायचे आणि एक दाणा दाताखाली फोडायचा. कट्ट आवाज आला तर धान वाळलेलं, नुसता दबला तर ओलं. तीस वर्षं बाबांनी हेच केलं. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनसाठी आईनं तिच्या खात्यात सदतीस हजार जमवले होते. दिवाळीनंतर गोंदियाला तारीख घ्यायची होती.

मी गोंदियाला परत निघाले तेव्हा ती मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"आता सांगून टाकू का तुझ्या बाबाले?" तिनं हळू विचारलं. "चार वर्षं झाली."

"नको ना आई."

"बरं," ती म्हणाली. "तुले वाटन तवा तूच सांग."

सोमवारी सकाळी पाणी भरता भरता ती नळापाशी बसली ती उठलीच नाही. गाडी गोंदियाला पोचायच्या आत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. गाडी आली, मागचं दार उघडलं आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यावरूनच मला समजलं.

*

ते त्रेचाळीस हजार मी घालवले होते.

तेव्हा मी गोंदियाच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नवीन लागले होते आणि एका खोलीत एकटी राहत होते. दिवसभर पुस्तकांत असायचे, त्यामुळे मला कोणी फसवू शकत नाही असा माझा समज होता. खेळात एक धनुर्धर होता आणि तो मला हवा होता. मी शंभर मुठींत एकदा तरी येईल असा हिशेब केला. आला तो दुसराच. मग आता एवढं झालंच आहे, थोड्यासाठी कशाला सोडायचं, असं म्हणत दोन महिन्यांत पगार, साठवलेले पैसे आणि मैत्रिणीकडून घेतलेले पंधरा हजार संपवले. आईला सांगितलं तेव्हा तिनं आधी मला जेवायला वाढलं. पुढच्या आठवड्यात तिची भिशी लागली. ते पैसे तिनं मला दिले आणि बाबांना सांगितलं, भिशी चालवणारी नागपूरची बाई सगळं घेऊन पळाली.

त्यानंतर ती मला म्हणाली, "तो खेळ माह्या मोबाइलात टाक. माह्या पोरीले कायनं धरलं ते पाहतो."

मी माझ्याच ई-मेलवरून तिचा फोन चालू करून दिला आणि खेळ टाकला. दोन महिने ती नुसती नियम वाचत होती. मेळ्याच्या मोठ्या अक्षरांमागे बारीक अक्षरांचं एक पान असतं, ते मी कधी उघडलंही नव्हतं. आईनं ते कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं आणि दरवर्षी नव्या कॅलेंडरवर पुन्हा उतरवलं.

"पाय," ती म्हणाली, "दर मुठीले मोठं पात्र यायची आशा हजारात सहा. दुसरा आकडा शंभरात दीडच्या वर लिवला हाये, तो शेवटची हमी धरून काढला. तू तोच पायला असशीन."

मी तोच पाहिला होता.

"त्र्याहत्तर मुठींवर आशा तेवढीच राहते. चौऱ्याहत्तरपासून वाढत जाते. नव्वदाव्या मुठीले मोठं पात्र देतेच. पण कोणतं? अर्धी आशा मेळ्यातल्याची, अर्धी दुसऱ्याची. दुसरं आलं की मोजणी परत शून्यावर. मात्र त्यानंतरचं मोठं पात्र मेळ्यातलंच देते, चुकत नाई. म्हणजे वाईटात वाईट एकशेऐंशी मुठी. याले काय म्हणते?"

"खेळणारे इंग्रजीत पिटी म्हणतात," मी म्हणाले. "दया."

"कोणाची?" आईनं विचारलं.

मग तिनं महिन्याचे तीनशे रुपये ठरवले. तेवढ्यात एक पास मिळायचा. रोज उघडून कामं केली की त्याचे आणि फुकटचे मिळून महिन्याला अठ्ठावीस मुठींचे खडे जमायचे. विकत घ्यायला गेलं तर दहा मुठींना दोन हजार. तिनं ते दोन हजाराचं बटण कधी दाबलं नाही. पात्र आलं नाही आणि मेळा उठला तर म्हणायची, "फिरून येते. मोजणी कुठं पळून नाई जात." आणि खरंच, एका मेळ्यातली मोजणी पुढच्या मेळ्यात तशीच राहायची. चार वर्षं ती माझ्यासाठी खेळायला बसली आणि शेवटी तिला तो खेळ आवडायला लागला. नावाडीण तिला मनापासून हवी होती. तीनशेच्या आत.

*

दहाव्याला वाघ नदीच्या काठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, पण खाली उतरेनात. अर्धा तास गेला. माणसं एकेक करून हात जोडून पुढे येऊ लागली. मी म्हणाले, बाबांचा डोळा मी करून देईन. शेजारच्या दुर्गेश्वरीकाकू म्हणाल्या, तुझ्या घराकडे ध्यान ठेवीन. कोणी म्हणालं, तुझी गाय विकू देणार नाही. कावळा हलला नाही. शेवटी बाबा वाकले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, आणि एक कावळा उतरून पिंडाला शिवला.

"काय बोलले टिकारामभाऊ?" कोणीतरी विचारलं.

बाबा नदीकडे वळले आणि हात धुऊ लागले.

तेरवी झाली. सोमवारी मी कामावर हजर झाले. आईच्या फोनला जोडलेलं तिचं बँकेतलं खातं बंद करायचं होतं, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला अजून यायचा होता. आईचा फोन बाबांनी स्वतःकडे ठेवून घेतला होता. फोटो पाहायला असेल, असं मला वाटलं.

मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी माझ्या मोबाइलवर एक मेल आला. तुमच्या खरेदीची पावती, दोन हजार रुपये. खाली त्या खेळाचं नाव.

आधी काहीच कळलं नाही. तो खेळ मी चार वर्षांपूर्वी काढून टाकला होता. मग आठवलं, आईचा फोन माझ्याच मेलवर आहे. आणि आईला जाऊन पंधरा दिवस झालेत.

माझ्या हातातला पुस्तकांचा गठ्ठा मी टेबलावर ठेवला. दुसरी पावती आली. पुन्हा दोन हजार.

फोन चोरीला गेला असेल असं वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. मी बाबांना लावला, त्यांनी उचलला नाही. आईच्या नंबरवर लावला. चार वेळा वाजला आणि कोणीतरी कापला. म्हणजे फोन कोणाच्या तरी हातात होता. मी दुर्गेश्वरीकाकूंना लावला.

"काकू, बाबा कुठे आहेत?"

"घरीच हायेत वो. मिलवर नाई गेले. दार लावून बसले सकाळपासून."

"आवाज द्या ना."

त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग कडी वाजवल्याचा. "टिकारामभाऊ! ओ भाऊ!"  मग काकू माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "आतून कडी हाये. हलचाल आयकू येते, पण बोलत नाईत. तू ये बाई. मले भेव लागून राहिलं."

मी सुट्टीचा अर्जही लिहिला नाही. शिपाई इंद्रकुमारला सांगून निघाले. रिक्षात बसेपर्यंत तिसरी पावती आली.

पॅसेंजर नेहमीप्रमाणे उशिरा सुटली. खिडकीबाहेर कापलेलं धान आडवं पडलं होतं. मी फोन मांडीवर उलटा ठेवला होता, तरी तो थरथरला की मला कळायचं. गुदमा स्टेशनात चौथी पावती आली. एकूण आठ हजार झाले. खात्यात एकोणतीस उरले असतील. बाबांचा डोळा माझ्या मांडीवर थोडा थोडा करून विकला जात होता आणि मला गाडीतून उतरून पळावंसं वाटत होतं, जणू मी गाडीपेक्षा लवकर पोचले असते.

थांबवायचा एक मार्ग होता. माझ्या मेलच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या फोनांची यादी असते. त्यात दोन नावं होती, एक माझं आणि एक 'आई'. 'आई'वर बोट ठेवलं की खाली पर्याय येतो, काढून टाका. ते दाबलं असतं तर खरेदी तिथेच बंद पडली असती.

मी दोनदा बोट तिथे नेलं. आतून कडी लावून बसलेल्या माणसाच्या हातातला त्याच्या बायकोचा फोन एकाएकी म्हणाला असता, हे खातं आता इथे नाही. त्यानंतर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं. दार बंद होतं आणि बाहेर फक्त काकू होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या यादीतून ते नाव काढायला माझं बोट वळलं नाही. मी यादी बंद केली.

आमगावला उतरले तेव्हा पाचवी पावती आली.

*

काकू ओट्यावरच उभ्या होत्या. मी दार वाजवलं.

"बाबा, मी आहे. प्रेरणा."

आत काही तरी सरकलं. मग कडी निघाली.

बाबांचं टक्कल अजून निळसर होतं, दहाव्याला केस काढले होते. डोळे लाल होते. त्यांनी मला आत घेतलं, काकूंकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा कडी लावली. आईच्या जागेवर, उंबऱ्यापासून हातभर आत, चटई टाकलेली होती. त्यावर फोन चार्जिंगला लावलेला आणि बाजूला भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर.

"काऊन आली? कामधाम नाई का?"

"बाबा, तुम्ही दार का लावलं?"

"सुतकातून उठून चार दिवस नाई झाले. टिकाराम मोबाइलवर खेळून राहिला म्हणून गावानं पायलं पायजे का?"

मी बसले. पदर मांडीवर ओढून घेतला. ते जिवंत होते. मला रडू आलं असतं, पण ती रडायची वेळ नव्हती.

"दहा हजार गेले, बाबा."

"माहीत हाये."

"डोळ्याचे पैसे आहेत ते."

"डोळा माहा हाये," ते म्हणाले. "वचन बी माहंच हाये."

मग त्यांनी सांगितलं. नदीवर कावळा शिवेना तेव्हा त्यांना आठवलं की त्या रविवारी आईनं एकच गोष्ट बोलून दाखवली होती, नावाडीण आली तर आली. ते वाकून म्हणाले होते, प्रेमिला, तुझी नावाडीण मी आणतो. आणि कावळा उतरला.

"मेळा परवा उठते," ते म्हणाले. "तिनं अडुसष्ट लिवून ठेवलं. बावीस उरल्या, तिनंच सांगतलं. म्या वीस ओढल्या, तीस ओढल्या. पन्नास झाल्या आता. एकशे अठरा होतात. नव्वदाव्याले देतेच म्हणत होती ते. मले काऊन देत नाई?" त्यांचा आवाज खाली गेला. "ते माह्यावर रागात हाये, पोरी. म्या चार वर्षं तिले भिशीवरून टोचलं. माह्या हातून घ्याचंच नाई तिले."

तीस वर्षं पोत्यात परखी घालणारा माणूस लहान मुलासारखा घाबरला होता. मला इतका वेळ पैशांची भीती वाटत होती. त्यांना आईची वाटत होती.

"दाखवा," मी म्हणाले.

चार वर्षांनी तो खेळ माझ्या हातात आला. पडद्यावरचा तो निळा प्रकाश ओळखीचा होता. इतिहासाचं पान कुठे असतं ते माझ्या बोटांना आठवत होतं आणि त्याचीच मला भीती वाटली. मी एकेक ओळ मोजत खाली गेले.

पहिल्या दहा मुठींतल्या आठव्या मुठीला, म्हणजे शहात्तराव्या मुठीला, सोनेरी ओळ होती. एक तलवारवाला पोरगा.

"हा कोण आला होता?"

"आला होता एक पोट्टा. चमकला लय. पण तो नावाडीण नोहे."

"बाबा, हाच तो. मोठं पात्र आलं होतं. शहात्तराव्यालाच. फक्त अर्धी आशा मेळ्यातल्याची असते, ती हुकली. तो आला की मोजणी शून्यावर जाते. त्यानंतर तुम्ही बेचाळीस मुठी ओढल्या. एकशे अठरा नाही, बेचाळीस. आई रागावलेली नाही. कोणीच रागावलेलं नाही. हा नियम आहे, तिनं मागे लिहून ठेवलाय."

मी कॅलेंडर उलटं केलं. आईचं अक्षर मोठं, शब्दांवर रेघा नसलेलं. बाबांनी ते फोनच्या उजेडात डाव्या डोळ्याजवळ धरलं. त्यांना पाठीमागे काही लिहिलंय हेच माहीत नव्हतं. बराच वेळ ते वाचत राहिले.

"पण पोतं खाली होऊन राहिलं नं," ते शेवटी म्हणाले. "इतका भूस निंगाला, तर आता दाणा लागाचाच. पोत्याची रीत तशीच असते."

"परखीत आलेला नमुना तुम्ही परत पोत्यात टाकला आणि पोतं हलवलं, तर?"

त्यांनी विचार केला. "मंग त जसंच्या तसं."

"इथे प्रत्येक मूठ परत पोत्यात जाते. त्र्याहत्तरपर्यंत पोतं जसंच्या तसं. त्यापुढे मालक स्वतः हातानं दाणे टाकत जातो, आणि नव्वदाव्याला हातावरच ठेवतो."

ते हसल्यासारखं काहीतरी झालं. "हे तुह्या मायचं बोलणं हाये."

"तिचंच आहे."

ते उठले, माठातलं पाणी प्यायले, मलाही दिलं. मला वाटलं झालं. पण परत बसताना त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"बेचाळीस झाल्या. पोट्टा येऊन गेला, म्हणजे आता जे येईन ते नावाडीणच. बरोबर?"

"बरोबर."

"वाईटात वाईट अठ्ठेचाळीस. म्हणजे दहाचे पाच. आणखी दहा हजार. आणि यावेळी फसवणूक नाई. देतेच."

 ते खरं होतं. त्यांना चुकीचं म्हणायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता. आणि माझ्या आत चार वर्षांपूर्वीची ती मुलगी उठून बसली होती आणि म्हणत होती, आता एवढं झालंच आहे. फक्त अठ्ठेचाळीस. त्यात चौऱ्याहत्तरपासून आशा वाढते, कदाचित पस्तीसातच येईल. आठ हजारांत. परवा मेळा उठतोय, दाब. फोन अजून माझ्या हातात होता. खरेदीचं बटण माझ्या अंगठ्यापासून पेराएवढ्या अंतरावर होतं. मला तो अंगठा दुसऱ्याच कोणाचा वाटला. मी फोन चटईवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"नाही बाबा."

"काऊन नाई? आता त हमी हाये."

"हमी परवाही राहील. मेळा उठला तरी बेचाळीस हे बेचाळीसच राहतात, आणि पुढचं मोठं पात्र मेळ्यातलंच यायचं हेही तसंच राहतं. आई तेच म्हणायची. महिन्याला तीनशे. अठ्ठावीस मुठींचे खडे. दोन महिन्यांत अठ्ठेचाळीसच्या वर जमतात. ओढायचे नाहीत, नुसते साठवायचे. नावाडीणीचा मेळा पुन्हा लागला की त्या दिवशी ओढायच्या."

"पुन्हा कवा लागन?"

"माहीत नाही. सहा महिने. कधी वर्ष."

"वर्ष!" ते म्हणाले. "वचन वर्षभर टांगून ठेवू?"

"कावळ्याला तारीख सांगितली होती का तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग मान वळवली. "मस्करी नको करू, बाई. मले झोप येत नाई. डोळा मिटला की ते नळापाशी बसलेली दिसते. एक गोष्ट तिची करून टाकू दे मले. मंग मी मोकळा."

त्यांनी फोन उचलला. बटण दाबलं. पडद्यावर रक्कम आली, दोन हजार, आणि खाली पिनसाठी चार रिकामे गोल. आईचा पिन त्यांना पाठ होता. मी त्यांचा हात धरू शकले असते. पण हात धरून काही होत नाही हे मला माहीत होतं. माझा हात कोणी धरला असता तर मी दुसऱ्या हातानं दाबलं असतं.

"बाबा, मी सांगते ना, हे असंच होतं. हे दहा झाले की पुढचा मेळा लागतो, आणखी एक काहीतरी राहून गेलेलं असतं."

"तुले काय माहीत?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू पुस्तकातलं सांगून राहिली. तुह्या मायनं त्रेचाळीस हजार भिशीत घातले, मी मेलो का? चार दिवस बोललो, सोडून देलं. तिचे तिनं बुडवले, आता तिच्याचसाठी माहे दहा गेले. तिची अन् माही फिट्टमफाट."

त्यांनी पहिला आकडा दाबला. एक गोल भरला. मग दुसरा. उजव्या डोळ्यानं नीट दिसत नसल्यामुळे ते फोन तिरपा धरून, हळूहळू दाबत होते. तिसरा.

बाहेर काकू कोंबड्या हाकलत होत्या. ओट्यावरचं धान कोणीतरी गोळा करून ठेवलं होतं. फाटकाजवळ आई म्हणाली होती, तुले वाटन तवा तूच सांग. मला कधीच वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं, फक्त भीती वाटत होती, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लहान, की बाबा माझ्याकडे कसे बघतील.

"बाबा, भिशी बुडाली नव्हती."

त्यांचा अंगठा चौथ्या आकड्यावर थांबला.

"नागपूरची कोणी बाई नव्हतीच. आईचे पैसे कोणी घेऊन पळालं नाही. ते त्रेचाळीस हजार मी याच खेळात घालवले, खोलीवर एकटी बसून, तुम्ही आता बसलात तशीच, दाराला आतून कडी लावून. मीही म्हणत होते, आता एवढं झालंच आहे. आईनं ते फेडले आणि तुमचे टोमणे माझ्याऐवजी चार वर्षं स्वतः ऐकले. त्या रविवारी तुम्ही तिला बोललात तेव्हा मी इथेच कपबशा उचलत होते, आणि तेव्हाही मी गप्प राहिले. ती तुमच्यावर रागावलेली नव्हती, बाबा. तिनं काही बुडवलं नव्हतं. मी बुडवलं होतं."